डर्माटोमचे नकाशे एकमेकांशी जुळत का नाहीत, आणि पाऊल लोंबायला लागलं की स्नायू का तपासतात

माणसाच्या अंगावर रंगीत पट्टे काढलेला तो चार्ट, म्हणजे कुठल्या नसेच्या मुळाकडे त्वचेचा कुठला भाग आहे ते दाखवणारा डर्माटोमचा नकाशा, बऱ्याच जणांनी पाहिलेला असतो. गंमत म्हणजे दोन वेगळी पुस्तकं शेजारी ठेवली तर पायावरचे पट्टे जुळत नाहीत. एकात एल५ चा, म्हणजे कमरेतल्या पाचव्या मुळाचा, पट्टा थेट कमरेतून निघून अंगठ्यापर्यंत येतो, दुसऱ्यात तो पायावरच कुठेतरी सुरू होतो. शिकत असताना मला वाटायचं छपाईची चूक असेल. पण दोन्ही नकाशे खरोखरच्या तपासण्यांवरून काढलेत, फक्त ते काढणाऱ्यांनी प्रश्नच वेगवेगळे विचारले होते.

सुरुवात पार 1822 ची. फ्रान्समध्ये माजांदीने कुत्र्याच्या पिल्लांच्या मणक्यातली मुळं कापून बघितली. मागचं मूळ कापलं की पायातली संवेदना जाते पण पाय हलतो, पुढचं कापलं की उलटं. (पुढच्या मुळांवर बेलने 1811 मध्येच काम केलं होतं, त्यावरून श्रेयाचं भांडण पुढे बरंच चाललं, ते सोडून देऊ.) म्हणजे स्पर्श मागून आत येतो आणि हालचालीचा हुकूम पुढून बाहेर जातो, दोन्ही मिळून एक नस होते, हे पक्कं झालं.

मग वाटेल की सोपं आहे, एक मागचं मूळ कापा आणि कुठे बधिर झालं ते बघा. 1890 च्या दशकात शेरिंग्टन माकडांवर काम करत होता, आणि तिथे अडचण अशी की एकच मूळ कापलं तर पूर्ण बधिर झालेली जागा सापडतच नाही. कारण त्वचेच्या प्रत्येक ठिकाणी कमीत कमी दोन, कधीकधी तीन मुळांचे धागे पोचलेले असतात, एक गेलं तर शेजारी सांभाळून घेतात. त्याने मग डाव उलटा टाकला. एक मूळ शाबूत ठेवून त्याच्या वरची आणि खालची तीन-तीन मुळं कापायची, आणि सगळ्या बधिर भागात संवेदनेचं बेट कुठे उरतं ते आखायचं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात हुशार चाल हीच.

माणसावर असं करता येत नाही हे उघड आहे, पण नागीण ते आपोआप करून दाखवते. नागिणीचे फोड अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यात उठतात, आणि 1900 मध्ये हेड आणि कॅम्पबेलनी नागीण झालेल्या 21 जणांचं शवविच्छेदन करून दाखवलं की बिघाड मागच्या मुळावरच्या गाठीत, गँगलियनमध्ये असतो. म्हणजे फोडांचा पट्टा हाच त्या मुळाचा नकाशा. छाती-पोटावर हे छान चाललं, पण हातापायांवर नागीण कमी वेळा उठते त्यामुळे तिथला नकाशा तसा विरळच राहिला.

तो भरला ब्रेस्लाऊच्या फोरस्टरने. असह्य वेदना किंवा स्नायूंच्या ताठरपणासाठी त्या काळी मागची मुळं कापायचं ऑपरेशन व्हायचं, त्या पेशंट्सवर त्याने शेरिंग्टनचीच पद्धत वापरली आणि 1933 मध्ये माणसाचा नकाशा छापला. पुढच्याच वर्षी मिक्स्टर आणि बार यांनी मांडलं की मणक्यामधली गादी फाटून बाहेर आली की मूळ दाबलं जातं, आणि त्यामुळे एकच मूळ बिघडलेले पेशंट ढिगाने ओळखू यायला लागले. 1948 मध्ये कीगन आणि गॅरेट यांनी अशाच पेशंट्सच्या त्वचेवरून टाचणी ओढत नेऊन ती कुठे बोथट लागते ते आखलं, आणि त्यांना मणक्यापासून बोटांपर्यंत सलग जाणारे लांब पट्टे मिळाले.

आता फरक बघा. फोरस्टरचा प्रश्न होता, हे एकटंच मूळ उरलं तर ते कुठवर पोचतं. कीगनचा प्रश्न होता, हे एकटंच मूळ गेलं तर कुठे फिकं पडतं. दोन्हीची उत्तरं सारखी येणं शक्यच नाही, त्यात माणसामाणसातला फरक वेगळाच. आणि कीगनचे ते सलग पट्टे पुढे सगळ्यांना काही सापडले नाहीत. 2008 मध्ये ली, मॅकफी आणि स्ट्रिंगर यांनी जुना पुरावा परत चाळून जो नकाशा दिला त्यात त्यांनी काही जागा सरळ कोऱ्याच सोडल्यात, तिथे मुळं एकमेकांवर फार चढलेली आहेत म्हणून. मला तोच सगळ्यात प्रामाणिक वाटतो.

म्हणूनच त्वचेच्या जोडीला मायोटोम बघतात, म्हणजे एका मुळाकडे असलेले स्नायू. स्नायूलाही बहुतेक वेळा दोन-तीन मुळं मिळतात, पण इथे एक युक्ती चालते. एकाच मुळावरचे पण वेगवेगळ्या नसांतून पुरवठा होणारे दोन स्नायू तपासायचे.

समजा एक जण आलाय, उजवं पाऊल चालताना लोंबतं, फटफट आवाज येतो, चप्पल निसटते. पाऊल वर ओढायची ताकद 5 पैकी 3, अंगठा वर उचलायची 2 (0 म्हणजे काहीच हालचाल नाही, 3 म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उचलता येतं पण वरून दाब दिला तर टिकत नाही, 5 म्हणजे नॉर्मल). नडगीची बाहेरची बाजू आणि पावलाचा वरचा भाग बधिर. आता हे एल५ च्या मुळामुळे होऊ शकतं, आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडावरून वळसा घालणारी पेरोनियल नस दाबली गेली, म्हणजे पायावर पाय टाकून तासन्‌तास बसल्यावर वगैरे, तरी अगदी असंच दिसतं. त्वचेच्या नकाशावर इथे फारसा फरक करता येत नाही.

मग त्याला पाऊल खाली झुकवायला सांगून तळवा आतल्या बाजूला वळवायला लावायचा. हे काम करणारा स्नायू एल५ वरचाच पण टिबियल नसेचा. पाऊल आधी खाली झुकवायचंच, नाहीतर नडगीच्या पुढच्या बाजूचा स्नायू मदतीला येतो आणि तपासणी फसते. नंतर डाव्या कुशीवर झोपवून उजवा पाय सरळ वर उचलायला सांगायचा, हे काम कुल्ह्याच्या बाजूच्या स्नायूचं, त्याचंही मूळ मुख्यतः एल५ पण नस तिसरीच. याच्यात दोन्ही कमजोर निघाले. गुडघ्याजवळ दबलेली नस कुल्ह्याचा स्नायू कमजोर करूच शकत नाही, सबब बिघाड वर, मुळात आहे. टाचेचा रिफ्लेक्स दोन्ही पायांत सारखा आणि एका पायावर दहा वेळा टाच उचलता येते, म्हणजे एल५ च्या खालचं मूळ, एस१, ठीक (पोटरीची ताकद हाताने दाबून बघू नका, ती इतकी दणकट असते की अर्धी गेली तरी नॉर्मलच वाटते). गुडघा सरळ करायची ताकद आणि गुडघ्याचा रिफ्लेक्सही नॉर्मल, म्हणजे एल३-एल४ कडून काही दिसत नाही.

एक पथ्य पाळायचं. दुखण्यामुळे माणूस मध्येच जोर सोडतो, ती कमजोरी खरी नसते. खरी कमजोरी हळूहळू आणि एकसारखी दबत जाते, दुखण्याची झटक्यात सुटते. आणि बसायच्या जागेत बधिरपणा असेल किंवा लघवी अडत असेल तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी इमर्जन्सीत पाठवायचं.

एमआरआयमध्ये याच्या दोन गाद्या फुगलेल्या निघाल्या, कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली आणि पाचव्याच्या खालची. बहुतेक वेळा वरची गादी एल५ ला दाबते आणि खालची एस१ ला, म्हणून संशय वरचीवरच. पण खालची गादी जर खूप बाहेरच्या कडेला सरकली असेल तर तीही एल५ लाच गाठते, कारण ते मूळ तिथूनच बाहेर पडतं. तपासणी मुळाचा नंबर सांगते, गादीचा नाही, त्यामुळे रिपोर्टवर न थांबता कडेचे कट स्वतः उघडून बघावे लागतात.