ठरावीक आजारांचा प्रतीक्षा कालावधी: आरोग्य विम्यातील एका कलमाचे वाचन

ठरावीक आजारांचा प्रतीक्षा कालावधी म्हणजे भारतातील आरोग्य विमा पॉलिसीत काही ठरावीक आजार आणि शस्त्रक्रिया सुरुवातीची काही वर्षे वगळणारे कलम. पॉलिसीत ते Excl02 या कोडखाली छापलेले असते. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, मूतखडा, गर्भाशय काढणे, गुडघा किंवा खुब्याचा सांधा बदलणे असे आजार व शस्त्रक्रिया त्याच्या यादीत साधारणपणे आढळतात. यादी कंपनीगणिक थोडीफार बदलते, कलमाची भाषा मात्र विमा नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेली असल्याने सगळीकडे जवळपास तीच असते. मुदत बहुधा २४ महिने असते. २०२४ च्या नियमांनुसार ती ३६ महिन्यांपलीकडे नेता येत नाही.

हे कलम वाचताना बहुतेक जण थेट यादीकडे जातात आणि आपल्या शस्त्रक्रियेचे नाव तिथे दिसले की आशा सोडतात. क्लेम तपासणारी माणसेही कधी कधी हेच करतात. पण यादी कलमाच्या शेवटी असते आणि खरा निर्णय पहिल्याच पोटकलमात होतो. त्यात दोन वाक्ये आहेत. पहिले सांगते की यादीतील आजारांच्या उपचारांचा खर्च मुदत संपेपर्यंत मिळणार नाही. दुसरे सांगते की अपघातामुळे उद्भवलेल्या दाव्यांना हा अपवाद, म्हणजे हे वगळणे, लागू नाही. म्हणजे संरक्षण, त्यातून वगळलेला भाग, आणि वगळलेल्यातून पुन्हा आत घेतलेला भाग, अशा तीन पायऱ्या आहेत. दुसऱ्या पायरीवर थांबणारा वाचक चुकतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कोल्हापूरच्या ६४ वर्षांच्या एका बाईंची पॉलिसी १० जून २०२३ ला तीन लाखांच्या विमा रकमेने सुरू झाली. जून २०२४ च्या नूतनीकरणात मुलाने रक्कम पाच लाख केली. १८ ऑगस्ट २०२४ ला अंगणातल्या ओल्या फरशीवर त्यांचा पाय घसरला, खुब्यापाशी मांडीच्या हाडाची मान मोडली आणि सांधा बदलावा लागला. बिल ३ लाख ६० हजार. पॉलिसीला जेमतेम चौदा महिने झालेले, आणि ‘सांधा बदलणे’ २४ महिन्यांच्या यादीत. कंपनीने दावा नाकारला.

हा नकार टिकेल का, हे ‘अपघात’ या शब्दावर ठरते. तो शब्द व्याख्यांच्या पानावर आहे: बाह्य, दृश्य आणि हिंसक कारणाने घडलेली अचानक, अनपेक्षित व अनैच्छिक घटना. ‘हिंसक’ वाचून मारामारी डोळ्यांपुढे येते. इथे अर्थ इतकाच की शरीराला बाहेरून जोराचा आघात बसला. घसरून फरशीवर आपटणे त्यात बसते. म्हणून बाई तिसऱ्या पायरीवर आहेत आणि चौदा महिने झालेत की चार, याने फरक पडत नाही.

आता त्याच बाईंचा सांधा, त्या न पडता, नुसत्या झिजेमुळे सप्टेंबर २०२५ मध्ये बदलला असे समजा. २४ महिने ९ जून २०२५ ला संपले, तेव्हा दावा आत आला. पण पुढचे पोटकलम सांगते की विमा रक्कम वाढवली तर वाढीव रकमेपुरता प्रतीक्षा कालावधी नव्याने सुरू होतो. वाढीव दोन लाखांना तेव्हा पंधराच महिने झालेले असतील. त्यामुळे ३ लाख ६० हजारांच्या बिलावर जास्तीत जास्त तीन लाखच मिळतील. अपघाताच्या दाव्यात मात्र ही कात्री लागत नाही. नव्याने सुरू होतो तो अपवाद, आणि तो अपवादच अपघाताला लागू नाही. पाच लाखांची पूर्ण मर्यादा खुली राहते. (खोलीभाड्याची मर्यादा किंवा बिलातला ठरावीक टक्का स्वतः भरण्याची अट असेल तर ती दोन्ही दाव्यांत याशिवाय लागते.) कंपनी बदलून पॉलिसी पोर्ट केली असेल आणि मध्ये खंड नसेल, तर आधीच्या कंपनीकडे काढलेले महिने धरले जातात. नकारपत्रात कधी कधी नव्या कंपनीची तारीखच पकडलेली दिसते. ते आधी तपासावे.

अवघड भाग याच्या शेजारच्या कलमात, Excl01 मध्ये आहे. ते पूर्वीपासूनच्या आजाराचे कलम. त्यात असा आजार आणि त्याची थेट गुंतागुंत वगळली आहे, आणि अपघाताची सवलत देणारे वाक्य तिथे नाही. बाईंना पॉलिसीआधीच हाडे ठिसूळ झाल्याचे निदान झालेले असेल, तर कंपनी म्हणेल की फ्रॅक्चर ही ठिसूळपणाचीच गुंतागुंत. मग प्रश्न कारणाचा होतो: हाड पडल्यामुळे मोडले, की मोडल्यामुळे बाई पडल्या? क्ष-किरण अहवालात ‘पॅथॉलॉजिकल फ्रॅक्चर’, म्हणजे आजाराने कमजोर झालेले हाड मोडणे, असे शब्द असतील तर पारडे कंपनीकडे झुकते. नुसते ‘वयोमानानुसार हाडांची घनता कमी’ एवढे लिहिलेले असेल, तर त्यावरून पूर्वीपासूनचा आजार सिद्ध होत नाही. त्यासाठी पॉलिसीआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरने त्या आजाराचे निदान केलेले, त्यावर सल्ला दिलेला किंवा उपचार केलेला असावा लागतो.

प्रत्यक्षात असे दावे कायद्याच्या बारकाव्यावर कमी आणि केस पेपरवरच्या एका ओळीवर जास्त बुडतात. दाखल करताना निवासी डॉक्टर घाईत विचारतो, “आधी दुखायचं का?” मुलगा म्हणतो, “हो, सहा महिन्यांपासून जरा दुखत होतं.” कागदावर उतरते ‘सहा महिन्यांपासून खुब्यात वेदना’, आणि पडल्याचा उल्लेख राहून जातो. क्लेम विभागापर्यंत पोहोचतो तो हा कागद. डिस्चार्ज कार्डावर पडण्याची तारीख, जागा आणि कारण लिहिले आहे का, हे घरी जाण्याआधी पाहावे. नंतर आणलेल्या डॉक्टरच्या प्रमाणपत्राला कमी वजन मिळते.

सिद्ध कोणी करायचे, याची वाटणी ठरलेली आहे. नुकसान संरक्षणात बसते हे विमेदाराने दाखवायचे. अपवाद लागू होतो हे कंपनीने. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध वेदिक रिसॉर्ट्स या प्रकरणात हेच म्हटले. शब्द संदिग्ध असेल तर तो लिहिणाऱ्या कंपनीविरुद्ध वाचायचा, हे तत्त्व १९६६ च्या चंदुमल जैन निकालात आहे. पण त्याच निकालाने हेही बजावले की न्यायालय पक्षांसाठी नवा करार लिहीत नाही. शब्द स्पष्ट असतील, उदाहरणार्थ झिजेमुळे विसाव्या महिन्यात सांधा बदलला, तर या तत्त्वाचा काही उपयोग नाही. तो दावा वगळलेलाच.

नाकारताना पॉलिसीची नेमकी कोणती अट लागू केली ते कंपनीने लिहून देणे बंधनकारक आहे. ‘पॉलिसीच्या अटींनुसार देय नाही’ एवढेच पत्र आले तर कलमाचा क्रमांक लेखी मागावा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जावे लागते. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्यात त्याची कार्यालये आहेत, आणि शुल्क नाही. तिथे दिलेल्या अर्जात ‘अन्याय झाला’ लिहिण्यापेक्षा पहिल्या पोटकलमाचे दुसरे वाक्य, अपघाताची व्याख्या आणि डिस्चार्ज कार्डावरची ती ओळ एकाखाली एक उतरवलेली बरी.