रोजगार मेळाव्याला जाताना: नोंदणी, कागदपत्रं, रांग आणि टेबलावरची दोन मिनिटं

जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राकडून ‘पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळावे’ भरवले जातात. दहावी, बारावी, आयटीआय, डिप्लोमा, पदवी अशा सगळ्यांना तिथे जाता येतं. वय आणि शिक्षणाची अट मेळाव्याची नसते, त्या त्या पदाची असते. उमेदवाराकडून फी घेतली जात नाही. मी आयटीआयत शिकवतो आणि मुलांना घेऊन अशा मेळाव्यांना जातो. तिथे जे घडताना पाहिलं, त्यावरून हे लिहितोय.

सुरुवात घरूनच करायची. rojgar.mahaswayam.gov.in या संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि मोबाइल टाकला की ओटीपी येतो आणि नोंदणी होते. पण बरीच मुलं इथेच थांबतात. लॉगिन करून शिक्षणाची माहिती पूर्ण भरायची, आपल्या जिल्ह्याचा मेळावा शोधायचा, कोणत्या कंपनीत कोणतं पद आहे ते वाचायचं आणि आपल्याला लागू पडणाऱ्या पदांना तिथेच अर्ज करायचा. नोंदणी क्रमांक बायोडेटाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. मेळाव्याच्या ठिकाणीही बहुतेक वेळा नोंदणी करून देतात, पण शेकडो मुलं एकाच वेळी मोबाइल काढून बसली की नेटवर्क बसतं, ओटीपी येत नाही आणि तासभर प्रवेशद्वाराजवळच जातो.

यादी वाचताना पदाच्या नावाआधी ‘अप्रेंटिस’ किंवा ‘ट्रेनी’ आहे का ते पाहा. अप्रेंटिस म्हणजे शिकाऊ उमेदवार. त्याला पगार नाही, विद्यावेतन मिळतं आणि मुदत संपल्यावर कायम करण्याचं बंधन कंपनीवर नसतं. आयटीआयच्या मुलांसाठी तो चांगला अनुभव आहे, पण ती नोकरी आहे असं समजून गेलात तर पुढे मन खट्टू होतं.

आता फाइल. बायोडेटा एका पानाचा, दहा प्रती. सोबत दहावीचं आणि शेवटच्या परीक्षेचं गुणपत्रक, आयटीआय असेल तर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, अनुभवाचा दाखला असल्यास तो, शिवाय पासपोर्ट फोटो. झेरॉक्सचे पाच संच घरीच स्टेपल करा आणि प्रत्येक प्रतीवर सही करून तारीख टाका. मूळ कागद वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. ते दाखवायचे, कुणाच्या हाती सोडायचे नाहीत. आधारची पूर्ण क्रमांकाची झेरॉक्स पंधरा टेबलांवर वाटू नका. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार मिळतं, पहिल्या फेरीला ते पुरतं.

सगळ्यात जास्त अडचण नावाची होते. गुणपत्रकावर आडनाव आधी, आधारवर वडिलांचं नाव गायब, बँकेत स्पेलिंग तिसरंच. मुलाखतीत हे खपून जातं, पण रुजू होताना पीएफचं खातं आधारच्या नावावर उघडतं आणि तिथे गाडी अडते. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत फाइलमध्ये हवीच. आधारमध्ये दुरुस्ती व्हायला वेळ लागतो, म्हणून ती मेळाव्याची वाट न बघता आधीच करून घ्या.

मेळाव्याची वेळ दहाची असली तरी नऊला पोहोचा. आधी उद्घाटनाचा कार्यक्रम असतो आणि त्या वेळात बहुतेक मुलं मांडवात खुर्च्यांवर बसून असतात. तेवढ्यात टेबलांवरच्या कंपन्यांच्या पाट्या वाचत एक फेरी मारा आणि तीन टेबलं पक्की करा. नावाजलेल्या कंपनीपुढे सगळ्यात लांब रांग लागते. तिथे एकतर सुरुवातीलाच उभं राहायचं, नाहीतर जेवणाच्या सुट्टीनंतर, गर्दी ओसरल्यावर. मधल्या वेळात छोट्या कंपन्यांची टेबलं उरका. पहिल्या एक-दोन मुलाखतींत जीभ अडखळते, ती तिथे मोकळी होते. रांगेत उभं राहण्याआधी ती त्याच पदाची आहे ना, हे पुढच्याला विचारून घ्या. आमच्या एका मुलाने दीड तास रांग धरली आणि टेबलावर पोहोचल्यावर कळलं की ती रांग फक्त बी.कॉम.वाल्यांची होती. पाणी, बिस्किटं, पेन आणि चार्ज केलेला मोबाइल जवळ असू द्या. शक्यतो मित्रासोबत जा, म्हणजे एकाला रांग सोडावी लागली तर दुसरा जागा धरतो.

टेबलावर तुम्हाला दोन-तीन मिनिटं मिळतात. समोरचा माणूस सकाळपासून शंभर जणांशी बोललेला असतो. त्याला तीन गोष्टी हव्या असतात: काय शिकलात, काम काय येतं आणि रोज वेळेवर येऊ शकाल का. त्याच क्रमाने बोला. पैठणच्या एका फिटर मुलाकडून आम्ही हे बसवून घेतलं होतं:

“नमस्कार सर. मी पैठणचा. 2023 ला फिटर ट्रेड पास झालो. त्यानंतर सहा महिने एका वर्कशॉपमध्ये ड्रिलिंग आणि टॅपिंगचं काम केलं. व्हर्निअर, मायक्रोमीटर वाचता येतं, ड्रॉइंग समजतं. तिन्ही शिफ्ट चालतील. वाळूजला मामाकडे राहायची सोय आहे.”

याला अर्धा मिनिटही लागत नाही. आईवडील काय करतात, छंद कोणते, ‘मी मेहनती आहे’ यातलं काहीही यात नाही. शेवटचं मामाचं वाक्य मुलांना फालतू वाटतं, पण गावाकडून येणारा मुलगा महिनाभरात काम सोडून जाईल ही कंपनीची खरी भीती असते आणि ती या एका वाक्याने कमी होते. जे सांगाल ते करून दाखवता आलं पाहिजे. त्या मुलाला लगेच विचारलं, “व्हर्निअरचा लीस्ट काउंट किती?” त्याने 0.02 मिलिमीटर सांगितलं, तेव्हा साहेबांनी पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

तुमची पाळी आली की तुम्हीही विचारा. कंपनी रोलवर घेणार की कॉन्ट्रॅक्टरकडून? सांगितलेली रक्कम कटून हातात येणारी आहे का? समजा, पगार 18,000 सांगितला आणि त्यात मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 12,000 आहे. त्यातून 12 टक्क्यांनी पीएफचे 1,440, ईएसआयचे 135 आणि व्यवसाय कराचे 200 गेले की हातात 16,225 येतात. बस आणि कँटीनचे पैसे कापणार असतील तर ते वेगळे. खोलीभाडं काढून घरी किती पाठवता येईल, याचा हिशोब या आकड्यावर करायचा.

त्या दिवशी ‘निवड झाली’ म्हणतात ती बहुधा प्राथमिक निवड असते. पुढे कंपनीत प्रत्यक्ष मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी होते, मग नेमणूकपत्र. गणवेश, ट्रेनिंग किंवा डिपॉझिट म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका आणि केंद्राच्या अधिकाऱ्यांना तिथेच सांगा. टेबल सोडण्याआधी कंपनीचं नाव, पद, बोललेल्या व्यक्तीचं नाव आणि कधी कळवणार हे वहीत टिपून घ्या. फोन अनोळखी नंबरवरून येतो आणि बायोडेटावर वडिलांचा नंबर असेल तर तो शेतात वाजतो. म्हणून स्वतःचा नंबर द्या आणि पुढचे आठ-दहा दिवस प्रत्येक फोन उचला. सांगितलेली तारीख उलटून गेली तर स्वतः फोन करा, त्यात काही गैर नाही.