gm/ID किती धरावे: ॲम्प्लिफायर चिपच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कुपवाड एमआयडीसीतील आमच्या कार्यालयात चिपची मागणी नोंदविताना ग्राहक गेन, बँडविड्थ आणि वीजवापर हे तिन्ही आकडे एकदमच ठरवून आणतात. या तिन्हींना बांधणारा आकडा एकच आहे. तो म्हणजे ट्रान्झिस्टरचा ट्रान्सकंडक्टन्स आणि ड्रेन करंट यांचे गुणोत्तर, gm/ID, आणि तो कसा निवडतो हे येथे एका उदाहरणाने मांडले आहे.

समजा, 180 नॅनोमीटर प्रक्रियेतील एका टप्प्याच्या ॲम्प्लिफायरला 1 पिकोफॅरड लोडवर 100 मेगाहर्ट्झ युनिटी-गेन बँडविड्थ हवी आहे. gm = 2π·f·CL या सूत्राने gm सुमारे 628 मायक्रोसीमेन्स येतो, आणि तो gm/ID कितीही धरला तरी तेवढाच लागतो. बदलतो तो करंट. gm/ID 10 धरल्यास 63 मायक्रोअँपिअर लागतात, 18 धरल्यास 35 आणि 25 धरल्यास 25 पुरतात. गेनही त्याच प्रमाणात वाढतो, कारण ट्रान्झिस्टरचा स्वतःचा गेन म्हणजे gm/ID गुणिले अर्ली व्होल्टेज. ते 6 व्होल्ट धरले, तर तिन्ही निवडींत गेन अनुक्रमे 60, 108 आणि 150 मिळतो.

मग 25 च का नको? लांबी 0.5 मायक्रोमीटर ठेवली, तर रुंदी अनुक्रमे सुमारे 10, 31 आणि 105 मायक्रोमीटर भरते. 25 च्या निवडीतील ट्रान्झिस्टरच्या ड्रेनची कपॅसिटन्स लोडमध्ये अंदाजे दहा ते पंधरा टक्के भर घालते, म्हणून gm वाढवावा लागतो, त्यासाठी रुंदी वाढते आणि भरही पुन्हा वाढते. शिवाय मोठे गेट मागील टप्प्याला जड जाते. म्हणून 18 च्या आसपासचे मध्यम इन्व्हर्जन आम्हाला बहुतेक वेळा पसंत पडते. बँडविड्थ याहून बरीच जास्त हवी असेल, तर मात्र 10 कडे सरकून गेन सोडावा लागतो.

येथे पाठ्यपुस्तकातील वर्गाचे सूत्र घात करते. gm/ID = 2/Vov मानून 18 साठी ओव्हरड्राइव्ह व्होल्टेज Vov 0.11 व्होल्ट घेतल्यास रुंदी-लांबीचे गुणोत्तर W/L सुमारे 19 येते, पण कमकुवत इन्व्हर्जनपासून प्रबळ इन्व्हर्जनपर्यंत लागू पडणारे ईकेव्ही मॉडेल 62 सांगते. 19 वर तोच 35 मायक्रोअँपिअर करंट सोडला, तर gm/ID 12 च्या जवळ घसरते आणि 100 च्या जागी 67 मेगाहर्ट्झच हाती लागतात. सिम्युलेशनमध्ये करंट बरोबर पण gm कमी दिसला, तर आधी रुंदीवरच शंका घ्यावी.

वरील आकडे n = 1.3, µCox = 300 मायक्रोअँपिअर प्रति व्होल्टवर्ग आणि 27 अंश सेल्सिअस धरून काढलेले आहेत. प्रत्यक्ष कामात आम्ही फाउंड्रीच्या मॉडेलवर प्रत्येक लांबीसाठी gm/ID विरुद्ध ID/W चा तक्ता काढतो आणि रुंदी त्यावरूनच ठरवितो. त्यामुळे मागणीपत्रात लोडची कपॅसिटन्स आणि कमाल करंट आवर्जून लिहावेत. गेनचा आकडा त्यानंतर आम्हीच सुचवू.