आमच्या कोटेशनमधील कलम 9 : उशीर झाल्यास कोणते नुकसान आम्ही भरून देतो

मोटर रिवाइंडिंगच्या अनेक कोटेशनमध्ये एक ठरलेले वाक्य असते : ‘कोणत्याही अप्रत्यक्ष किंवा परिणामी नुकसानीस आम्ही जबाबदार नाही.’ आमच्या कोटेशनमधून ते आम्ही काढून टाकले आहे. ‘अप्रत्यक्ष’ म्हणजे नेमके काय, हे त्या वाक्यावरून ना तुम्हाला कळते ना आम्हाला, आणि वाद नेमका तिथेच होतो.

एक हिशेब मांडून पाहू. तुमच्या पॉवर प्रेसची 15 एचपीची मोटर जळाली. ती सोमवारी सकाळी देतो असे आम्ही सांगितले आणि दिली गुरुवारी. तीन दिवस प्रेस बंद राहिला. थोडा माल तुम्ही बाहेर जॉबवर्कला दिला, त्याचा जादा खर्च 12,000 रुपये. उरलेल्या उत्पादनाचा बुडालेला नफा 45,000. माल न पोचल्याने गाडी कंपनीची लाइन थांबली, म्हणून तिने 2 लाखांची डेबिट नोट पाठवली. शिवाय पुढच्या वर्षीची ऑर्डर दुसऱ्याला गेली.

भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 73 नुसार भरपाई दोन प्रकारच्या नुकसानीची मिळते : करार मोडल्यावर नेहमीच्या व्यवहारात आपसूक होणारे नुकसान, आणि करार करताना दोन्ही पक्षांना ठाऊक होते की असे होण्याची शक्यता आहे, ते नुकसान. दूरच्या आणि अप्रत्यक्ष नुकसानीची भरपाई नाही, असे तेच कलम सांगते.

आता 45,000 रुपयांचे पाहा. मोटर टाकताना तुम्ही काहीच सांगितले नसेल, तर कारखान्यात स्पेअर मोटर असेल असे आम्ही धरू शकतो. 1854 च्या हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल या इंग्लंडमधल्या खटल्यात असेच झाले. ग्लॉस्टरच्या गिरणीचा तुटलेला क्रँकशाफ्ट नमुना म्हणून पाठवायचा होता. वाहतूकदाराने उशीर केला आणि गिरणी बंद राहिली, पण नफ्याची भरपाई मिळाली नाही, कारण शाफ्टवाचून गिरणी चालणारच नाही ही गोष्ट वाहतूकदाराला ठाऊक असल्याचे न्यायालयाला दिसले नाही. याउलट कलम 73 खालच्या एका उदाहरणात यंत्राचा मालक वाहतूकदाराला स्पष्ट सांगतो की या यंत्रावाचून गिरणी बंद आहे. तिथे उशिराच्या काळातला सरासरी नफा मिळतो, मात्र हातून गेलेल्या सरकारी कंत्राटाचे नुकसान मिळत नाही.

म्हणजे नुकसान तेच, रक्कमही तीच, पण पर्चेस ऑर्डरवर ‘स्पेअर नाही, प्रेस बंद आहे’ एवढी एक ओळ असली की निकाल बदलू शकतो. अप्रत्यक्ष नुकसानीची व्याख्या अवघड आहे ती यामुळे : ते नुकसानीच्या स्वरूपावर जितके ठरते, तितकेच करार करताना कोणाला काय ठाऊक होते यावरही ठरते.

दुसरी अडचण उसन्या मसुद्यांची आहे. पूर्वसूचना दिलेल्या, म्हणजे वरच्या दुसऱ्या प्रकारच्या नुकसानीलाच ‘परिणामी’ म्हणायची रीत इंग्लंडच्या न्यायालयांत अनेक वर्षे होती. 2016 मध्ये लंडनच्या हायकोर्टाने एका जहाजबांधणी करारात याच शब्दाचा अर्थ बराच व्यापक घेतला. आपल्या कलम 73 मध्ये ‘अप्रत्यक्ष’ म्हणजे दोन्ही प्रकारांच्या बाहेरचे. त्यामुळे तिकडचे वाक्य जसेच्या तसे उचलले, तर तुम्ही आधी सांगितलेले नुकसान त्यातून वगळले गेले की नाही, यावर दोन वकील दोन मते देतील. ‘नफ्याच्या हानीसह सर्व अप्रत्यक्ष नुकसान वगळले आहे’ ही रचनाही फसवी आहे. तिचा अर्थ ‘फक्त अप्रत्यक्ष असलेला नफाच वगळला’ असा लावता येतो, मग नेहमीच्या व्यवहारातला थेट नफा वगळलेलाच नसतो.

म्हणून नव्या कलम 9 मध्ये आम्ही नुकसानीची नावे घेतली आहेत. उशीर आमच्यामुळे झाला, तर जॉबवर्कचा जादा खर्च बिल पाहून देऊ. बंद प्रेसचा नफा, ऑर्डरवर स्पेअर नसल्याचे लिहिले असेल तरच देऊ. या दोन्हींची मिळून मर्यादा दुरुस्तीच्या बिलाच्या दुप्पट आहे. 18,000 चे बिल असेल तर 36,000, म्हणजे वरच्या हिशेबातले 57,000 पूर्ण मिळणार नाहीत, हे आधीच सांगतो. गाडी कंपनीची डेबिट नोट आणि गेलेली पुढची ऑर्डर आम्ही भरत नाही. आम्ही जाणूनबुजून फसवणूक केली किंवा आमच्या चुकीने कोणाला इजा झाली, तर ही मर्यादा आम्ही पुढे करणार नाही.

डेबिट नोटची जोखीम आमच्यावर हवी असेल, तर काम टाकण्यापूर्वी डिलिव्हरी शेड्यूल आणि दंडाचा दर लेखी द्या. ती जोखीम घ्यायची का आणि त्यासाठी दर किती वाढेल, हे आम्ही लेखी कळवू. मोटर उघडल्यावर दिलेली सूचना उपयोगाची नाही, कारण कायदा करार होतानाची माहिती पाहतो. फोनवर सांगितले असेल तर त्याच दिवशी ऑर्डरवर किंवा ईमेलने लिहून पाठवा.