गणितांचे तास आणि पाठांतराच्या तारखा

परीक्षेचं वेळापत्रक आखताना एक मोह हमखास होतो: सकाळी दीड तास भौतिकशास्त्राची गणितं, संध्याकाळी दीड तास जीवशास्त्र, आणि हेच महिनाभर रोज. दोन्ही विषयांना सारखा न्याय! पण या दोन विषयांत विसरण्याची तऱ्हाच वेगळी असते, त्यामुळे वेळेची सारखी वाटणी दोघांच्याही फायद्याची ठरत नाही.

आधी पाठांतराचं पाहू. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे, काही काळ जाऊ द्यायचा आणि तेच पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजायचं, अशी त्याची पद्धत होती. तासाभरानंतर वाचणारे श्रम निम्म्याहून कमी भरले, दिवसभरानंतर एक तृतीयांशाच्या आसपास. मात्र पुढच्या महिनाभरात घसरण फारच मंदावली. अर्थपूर्ण मजकूर इतक्या झपाट्याने पुसला जात नाही, पण घसरणीचा आकार तसाच असतो: आधी तीव्र, मग संथ. म्हणून पाठांतराच्या विषयात तास किती दिले यापेक्षा कोणत्या तारखांना दिले हे जास्त मोलाचं ठरतं.

या तारखांमधलं अंतर परीक्षा किती लांब आहे यावर ठरतं. २००८ साली सेपेडा आणि सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक लोकांना काही माहिती शिकवली, वेगवेगळ्या अंतराने तिची एकदा उजळणी करून घेतली आणि नंतर परीक्षा घेतली. परीक्षा आठवड्यावर असेल तर सर्वांत फायद्याचं अंतर त्या काळाच्या साधारण २० ते ४० टक्के निघालं, परीक्षा वर्षावर असेल तर ५ ते १० टक्के. म्हणजे परीक्षा जितकी दूर, तितकी उजळणीतली फट दिवसांत मोठी, पण प्रमाणात लहान.

आता एक धडा घेऊ: संप्रेरकं. कोणती ग्रंथी, कोणतं संप्रेरक, त्याचं काम काय आणि ते कमी पडलं तर काय होतं, अशा तीसेक जोड्या त्यात असतात. परीक्षा महिन्यावर आहे असं धरू. पहिल्या दिवशी वाचन, आणि लगेच पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर सगळं लिहून काढणं. याला पाऊण तास द्यावा. मग तिसऱ्या, दहाव्या आणि एकविसाव्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं, तीही कोऱ्या कागदापासूनच. जे आठवलं नाही तेवढंच पुस्तकात पाहायचं. नुसत्या पुनर्वाचनाने आपल्याला येतंय असं वाटतं, पण ते फसवं असतं. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले.

हे सगळं लहान तुकड्यांत बसतं. वीस मिनिटं मोकळी सापडली तरी चालतात.

गणितांचं तसं नाही. एक बऱ्यापैकी अवघड उदाहरण दहा-बारा मिनिटं खातं, चुकलं तर चूक शोधायला आणखी तेवढीच लागतात. वीस मिनिटांच्या तुकड्यात फार तर एक उदाहरण होईल, आणि चूक शोधणं उद्यावर जाईल. दुसऱ्या दिवशी स्वतःचीच अर्धी मांडणी वाचून ‘इथे आपण उणे चिन्ह का घेतलं?’ हे पुन्हा उकरावं लागतं. म्हणून गणिताला सलग दीड तास हवा, मग तो रोज नसून आठवड्यातून चारदा मिळाला तरी हरकत नाही.

त्या दीड तासात काय करायचं हा खरा कळीचा मुद्दा. सर्वसाधारण सवय अशी की एका प्रकारची वीस उदाहरणं एका बैठकीत संपवायची. पाचव्या-सहाव्या उदाहरणापासून हात आपोआप चालतो आणि बरं वाटतं. अडचण अशी की परीक्षेत उदाहरणाच्या डोक्यावर प्रकाराचं नाव लिहिलेलं नसतं.

विद्युत परिपथाचं एक उदाहरण पाहा. वरच्या फांदीत २ आणि ४ ओहम, खालच्या फांदीत ३ आणि ६ ओहम, आणि दोन्ही फांद्यांचे मध्यबिंदू जोडणारा ५ ओहमचा रोध. २:४ आणि ३:६ ही गुणोत्तरं सारखी, म्हणून मधल्या रोधातून विद्युतधारा वाहतच नाही. तो सरळ काढून टाकायचा. उरतात ६ आणि ९ ओहम समांतर, म्हणजे ३.६ ओहम. दोन ओळींत उत्तर. आता शेवटच्या ६ च्या जागी ८ ठेवा. आकृती तीच, पण संतुलन गेलं. आता किरचॉफचे नियम लावून समीकरणं सोडवण्यासारखी लांबची वाट धरावी लागते. ज्याने ‘संतुलित व्हीटस्टन सेतू’ या शीर्षकाखालची वीसच्या वीस उदाहरणं एका दमात सोडवली, त्याला गुणोत्तर तपासायची गरजच कधी पडलेली नसते.

रोरर आणि टेलर यांनी २००७ साली नेमकं हेच तपासलं. चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाला एकेका प्रकाराची उदाहरणं सलग दिली, दुसऱ्याला सरमिसळ करून. सरावाच्या वेळी सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, सरमिसळवाल्यांची ६०. आठवड्यानंतरच्या परीक्षेत सरमिसळवाले ६३ टक्क्यांवर होते आणि सलगवाले २० वर घसरले होते. सरावात अडखळणं हे अभ्यास बिघडल्याचं लक्षण नाही, हे वेळापत्रक बदलणाऱ्याने आधीच जाणून असावं. नाहीतर चौथ्या दिवशी धीर सुटतो.

अर्थात प्रकार अगदीच नवा असेल तर पहिल्या दिवसापासून सरमिसळ करणं हा नुसता छळ आहे. आधी दोन सोडवलेली उदाहरणं ओळीओळीने वाचावीत, ती झाकून स्वतः करावीत, त्याच प्रकारची आणखी तीन-चार करावीत आणि तिथेच थांबावं. उरलेली पंधरा पुढच्या तीन आठवड्यांच्या बैठकांत, इतर धड्यांच्या उदाहरणांत विखुरून टाकावीत.

प्रत्येक चुकीपुढे एक शब्द लिहिला तर पुढची बैठक कशी हवी ते कळतं: ‘पद्धत’, ‘मांडणी’ किंवा ‘आकडेमोड’. पद्धत चुकत असेल तर सरमिसळ वाढवायची. मांडणी चुकत असेल तर सोडवलेल्या उदाहरणांकडे परत जायचं. फक्त आकडेमोड चुकत असेल तर नवीन उदाहरणांची गरज नाही, घड्याळ लावून जुनीच पुरेत. सूत्रच आठवलं नाही, तर ते मुळात पाठांतराचं काम आहे. ते संप्रेरकांसारखं तारखांच्या यादीत टाकावं.

दोन्ही विषय एकमेकांच्या कामीही येतात. विकरं आणि संप्रेरकं हे धडे पाठोपाठ पाठ केले की पेप्सिन आणि गॅस्ट्रिन यांची अदलाबदल होते: दोन्ही जठराशी निगडित, पण पहिलं विकर, दुसरं संप्रेरक. अशा दोन धड्यांच्या मध्ये गणिताची बैठक ठेवली तर गोंधळ कमी होतो.

शेवटच्या तीन दिवसांत पारडं पाठांतराकडे झुकू द्यावं, कारण तिथे ताजी उजळणी लगेच फळते. गणिताचा नवा प्रकार तेव्हा उघडू नये. सरमिसळीतली पाच-सहा जुनी उदाहरणं रोज केली तरी हात चालू राहतो. आणि मधला एखादा दिवस बुडालाच, तर पाठांतराची उजळणी दोन दिवस पुढे ढकलल्याने फारसं बिघडत नाही. गणिताची बुडालेली बैठक मात्र दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नये, कारण थकल्यावर आकडेमोडीच्या चुका वाढतात आणि खरी अडचण पद्धतीत आहे की नाही, हेच कळेनासं होतं.