विश्वाची पट्टी आखूड आहे का?

जेम्स वेब दुर्बिणीची नवी निरीक्षणं आली की दोन-चार दिवसांत एक मथळा हमखास दिसतो: 'बिग बँग सिद्धांत कोसळला'. त्याच्या मागोमाग, हे सगळं आपल्या पोथ्यांत आधीपासून लिहिलेलं होतं असं सांगणारे संदेशही फिरू लागतात. पोथ्यांमध्ये प्रसरणाचा आकडा कितीला दिलाय, हे मात्र कोणी सांगत नाही. प्रत्यक्षात बिग बँगला काहीही झालेलं नाही. अडलंय ते एका आकड्यावर, आणि त्या आकड्याचं अडणं मथळ्यापेक्षा कितीतरी मजेदार आहे.

हा आकडा म्हणजे हबल स्थिरांक. एखादी दीर्घिका आपल्यापासून एक मेगापार्सेक, म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षं अंतरावर असेल, तर प्रसरणामुळे ती सेकंदाला किती किलोमीटर वेगाने दूर जाते, ते हा स्थिरांक सांगतो. अंतर दुप्पट झालं की वेगही दुप्पट. जवळच्या विश्वात तारे आणि सुपरनोव्हा वापरून मोजणाऱ्या अॅडम रीस यांच्या गटाने २०२२ मध्ये ७३.०४ असं उत्तर दिलं, त्यात चूक असली तर साधारण १ ची. प्लँक उपग्रहाने टिपलेल्या विश्वाच्या आद्य प्रकाशावरून २०१८ मध्ये ६७.४ आलं, त्यात चूक अर्ध्याची. हा फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता दहा लाखांत एकाहूनही कमी आहे. म्हणजे एक तर कुणाच्या तरी मोजणीत सगळ्यांच्या नजरेतून सुटलेला दोष आहे, किंवा दोघंही बरोबर आहेत आणि त्यांना जोडणारा सिद्धांत अपुरा आहे.

आधी ७३ वाल्यांकडे जाऊ. वेग मोजणं सोपं असतं, कारण दीर्घिकेच्या प्रकाशाची ताम्रसृती, म्हणजे तो तांबड्याकडे किती सरकलाय ते, वेग सांगून टाकते. खरी कसोटी लागते अंतर मोजताना. जवळच्या दीर्घिका थेट वापरता येत नाहीत, कारण शेजाऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणामुळे त्यांना सेकंदाला काही शे किलोमीटरचा स्वतःचा वेगही असतो. देवयानी ही शेजारची दीर्घिका तर चक्क आपल्याकडेच येते आहे. शंभर मेगापार्सेकपलीकडे प्रसरणाचा वेग सात हजारांच्या पुढे जातो, तेव्हा कुठे हा गोंधळ किरकोळ ठरतो. तेवढ्या लांबची अंतरं मोजायला एक शिडी लागते. पहिली पायरी भूमितीची: पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारे किती सरकलेले दिसतात, ते मोजायचं. दुसरी पायरी सेफीड ताऱ्यांची. हे तारे ठरावीक कालावधीने फुगतात आणि आकसतात, आणि हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये दाखवून दिलं की कालावधी जितका मोठा तितका तारा तेजस्वी. कालावधी मोजला की खरं तेज कळतं, आणि दिसणाऱ्या तेजाशी तुलना केली की अंतर. तिसऱ्या पायरीवर Ia प्रकारचे सुपरनोव्हा, म्हणजे जवळपास ठरलेल्या तेजाचे ताऱ्यांचे स्फोट, जे सेफीड दिसतात त्याहून कितीतरी पलीकडे दिसतात. मात्र दोन्ही दिसतील अशा दीर्घिका फार थोड्या सापडतात. रीस यांच्या गटाला ३७ दीर्घिकांमधले ४२ सुपरनोव्हा मिळाले, आणि ते जमायला दशकं लागली.

शिडीवरचा सर्वांत गंभीर संशय गर्दीचा होता. दूरच्या दीर्घिकेत सेफीडच्या अगदी शेजारी इतर तारे असतात, आणि हबल दुर्बिणीच्या अवरक्त चित्रांत त्यांचा प्रकाश सेफीडच्या प्रकाशात मिसळतो. ही भर नीट वजा झाली नाही, तर सेफीड उजळ वाटेल, दीर्घिका आहे त्याहून जवळ वाटेल आणि स्थिरांक फुगेल. म्हणजे दोष नेमका ७३ च्याच दिशेचा. तो असेल तर ओळखायचा कसा? गर्दी अंतराबरोबर वाढते, त्यामुळे चूकही लांबच्या दीर्घिकांत जास्त दिसायला हवी. वेब दुर्बिणीची नजर खूपच तीक्ष्ण असल्यामुळे तेच सेफीड तिच्यातून शेजाऱ्यांपासून वेगळे काढता आले. मोजमापांतला विखुरलेपणा एकदम घटला, पण सरासरी अंतर जागचं हललं नाही, जवळच्या दीर्घिकांतही नाही आणि लांबच्याही नाही. हा संशय तरी मिटला. शिडी मात्र अजून सर्वमान्य नाही. वेंडी फ्रीडमन यांचा गट सेफीडखेरीज तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या कमाल तेजावरूनही अंतरं काढतो, आणि त्यांचं उत्तर ७० च्या आसपास येतं, दोन्ही बाजूंना जवळजवळ हात लागेल असं.

आता ६७ कडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. प्लँकने प्रसरणाचा आजचा वेग मोजलेलाच नाही. त्याने एक कोन मोजला, आणि त्या कोनावरून सिद्धांताने आजचा वेग काढून दिला.

पहिली सुमारे ३ लाख ८० हजार वर्षं विश्व इतकं तप्त होतं की अणू टिकत नव्हते. इलेक्ट्रॉन मोकळे होते, आणि प्रकाशकण त्यांच्यावर सतत आदळत असल्यामुळे प्रकाश आणि पदार्थ मिळून एकच द्रव असल्यासारखे वागत. जिथे पदार्थ किंचित जास्त दाटलेला, तिथे गुरुत्वाकर्षण द्रवाला आत ओढी आणि प्रकाशाचा दाब त्याला बाहेर ढकली. या ओढाताणीतून जी लहर निघते ती ध्वनीचीच लहर, फक्त तिचा वेग प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक. मग तापमान ३००० केल्विनच्या आसपास उतरलं, इलेक्ट्रॉन अणूंमध्ये अडकले, प्रकाश मोकळा सुटला आणि लहरी जिथे होत्या तिथे थिजल्या. सुरुवातीपासून त्या क्षणापर्यंत ध्वनी जास्तीत जास्त किती लांब जाऊ शकला असेल? हे अंतर तेव्हा सव्वाचार लाख प्रकाशवर्षांच्या आसपास होतं. विश्व तेव्हापासून सुमारे १०९० पट ताणलं गेलंय, त्यामुळे आजच्या मापात ते १४४ मेगापार्सेक भरतं. ही झाली आपली पट्टी.

पट्टीचा ठसा आद्य प्रकाशातल्या उष्ण-थंड ठिपक्यांवर उमटलेला आहे. आकाशात तो ०.६ अंशाचा दिसतो, पौर्णिमेच्या चंद्राहून किंचित मोठा. हा कोन प्लँकने ०.०३ टक्क्यांच्या अचूकतेने मोजला, विश्वशास्त्रात इतकं अचूक दुसरं काही क्वचितच असेल. पुढचं गणित शाळेतलं आहे. ०.६ अंश म्हणजे ०.०१०४ रेडियन, आणि १४४ ला ०.०१०४ ने भागलं की साधारण १३,८५० मेगापार्सेक, म्हणजे ४५ अब्ज प्रकाशवर्षं. आद्य प्रकाश ज्या पृष्ठभागावरून निघाला, तो आज आपल्यापासून इतका दूर आहे. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं असताना हे अंतर मोठं दिसतं, कारण प्रकाश वाटेत असताना वाटच ताणली जात होती. ती कशी ताणली गेली असेल तर अंतर बरोबर इतकं येईल, असं उलटं विचारलं की आजचा प्रसरणवेग ६७.४ येतो.

पण १४४ हा आकडा आला कुठून? तो कोणीही थेट मोजलेला नाही, गणितानेच काढलेला आहे. त्यासाठी तीन गोष्टी हव्यात: साध्या पदार्थाचं प्रमाण, एकूण पदार्थाचं प्रमाण आणि प्रारणाचं, म्हणजे प्रकाश व न्यूट्रिनो यांचं प्रमाण. पहिल्या दोन गोष्टी ठिपक्यांमध्येच लपलेल्या आहेत. ठिपक्यांचा कोणत्या मापाचा चढउतार किती जोरकस, याचा आलेख काढला तर शिखरांची एक रांग दिसते. प्रकाश सुटण्याच्या क्षणी जी लहर पहिल्यांदाच पूर्ण दबलेली होती, तिचं पहिलं शिखर. जी दबून परत फैलावलेली होती, तिचं दुसरं. दबून, फैलावून पुन्हा दबलेली, तिचं तिसरं. साध्या पदार्थाचं वजन दबण्याला जोर देतं पण फैलावण्याला देत नाही, त्यामुळे विषम शिखरं उंच आणि सम शिखरं बुटकी होतात. पहिल्या-दुसऱ्या शिखरातला हा फरकच साध्या पदार्थाचं प्रमाण सांगतो. न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या कृष्ण पदार्थावर प्रकाशाचा दाब चालत नाही. तो गुरुत्वाकर्षणाचे खड्डे धरून बसतो, आणि तिसरं शिखर किती तग धरतं त्यावरून त्याचा वाटा कळतो. साध्या पदार्थाचा हा आकडा दुसरीकडूनही तपासता येतो. पहिल्या काही मिनिटांत तयार झालेल्या ड्युटेरियमचं प्रमाण त्याच्यावर ठरतं, आणि दूरच्या वायुमेघांत मोजलेलं ड्युटेरियम त्याच्याशी जुळतं.

ही पट्टी पुढे दीर्घिकांच्या मांडणीतही जवळपास तशीच उमटली. दीर्घिकांच्या जोड्यांमध्ये ते एक अंतर जरा जास्त वेळा आढळतं. त्यामुळे प्लँक बाजूला ठेवून, नुसत्या दीर्घिका आणि ड्युटेरियम वापरूनही ६७-६८ च्या आसपास येता येतं. उपग्रहात बिघाड होता, असं म्हणून सुटका होत नाही.

मग सुटका कुठे असेल? अलीकडच्या काळात, प्रसरणाला वेग देणाऱ्या कृष्ण ऊर्जेचा जोर बदलला असेल, असं सर्वांत आधी सुचतं. पण दीर्घिका आणि सुपरनोव्हा मिळून गेल्या काही अब्ज वर्षांतल्या प्रसरणाचा आकार बऱ्यापैकी बांधून टाकतात. त्यात ७३ बसवायला जागा उरत नाही. कोन तर पक्का मोजलेला, म्हणजे हलवता येण्यासारखी राहते ती पट्टीच. ती ७-८ टक्क्यांनी आखूड, १४४ ऐवजी १३४ च्या आसपास असेल, तर अंतरही त्याच प्रमाणात कमी भरेल आणि ६७ चे ७३ होतील.

पट्टी आखूड करायची तर ध्वनीला वेळ कमी द्यायचा, म्हणजे प्रकाश सुटण्यापूर्वी विश्वाचं प्रसरण थोडं अधिक वेगाने झालं असं मानायचं. त्यासाठी 'आद्य कृष्ण ऊर्जा' सुचवली गेली आहे. तिने त्या काळी एकूण ऊर्जेत सुमारे दहावा हिस्सा उचलायचा आणि काम होताच नाहीसं व्हायचं. नेमक्या वेळी येऊन नेमक्या वेळी जाणारा हा पाहुणा मला जरा जास्तच सोयीचा वाटतो. शिवाय शिखरांच्या उंची जुळवत ठेवायला कृष्ण पदार्थ वाढवावा लागतो. मग दीर्घिका आज दिसतात त्याहून अधिक गोळा झालेल्या असायला हव्या होत्या. दुसरी कल्पना अशी की आद्य चुंबकीय क्षेत्रांमुळे पदार्थ बारीक गुठळ्यांत जमला असेल. दाट जागी अणू लवकर तयार होतात, म्हणून प्रकाश थोडा आधी सुटला आणि पट्टी आखूड राहिली. यात नवा कणही लागत नाही. ठिपक्यांच्या सर्वांत बारीक चढउतारांवर मात्र या दोन्ही कल्पनांचा माग राहायला हवा, आणि जमिनीवरच्या दुर्बिणी तो तिथेच शोधत आहेत.

पट्टी आणि शिडी दोन्ही टाळणारा एक मार्गही आहे. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळताना निघणाऱ्या गुरुत्वीय लहरींच्या आकारातच अंतर लिहिलेलं असतं, आणि त्याच घटनेचा प्रकाश दिसला तर दीर्घिका सापडून वेगही मिळतो. २०१७ च्या ऑगस्टमध्ये अशी एक टक्कर लहरी आणि प्रकाश दोन्हींतून पकडली गेली. तिने दिलेलं उत्तर होतं ७०, पण वर १२ आणि खाली ८ इतकी अनिश्चितता घेऊन. निकाल लावायला अशा पन्नासेक टकरी लागतील असा अंदाज आहे. लहरी आणि प्रकाश दोन्ही निर्विवादपणे दिसलेली टक्कर अजून ती एकच.