एकाच वेगात अडकलेले पाय आणि सेमिनरी हिल्सचा चढ

आठवड्यातून चार दिवस 5 किलोमीटर धावायचं आणि दर वेळी 35 मिनिटंच लागायची, असं वर्षभर चालू शकतं. आपण सावकाश धावतो तेव्हा शरीर मुख्यतः स्नायूंतल्या लवकर न थकणाऱ्या, पण कमी जोराच्या तंतूंवर काम भागवतं. जोरकस तंतू जास्त ताकद लागली तरच कामाला लागतात, आणि किलोमीटरला 7 मिनिटांच्या चालीत ती वेळ फारशी येत नाही.

चढावर येते. प्रत्येक पावलाला अख्खं शरीर वर उचलायचं असतं, त्यामुळे वेग बेताचा असूनही जोर पूर्ण लागतो. शिवाय जमीन पुढे वर आलेली असल्याने पाऊल कमी उंचीवरून पडतं आणि दणका कमी बसतो. म्हणून सपाटीवर सुसाट पळण्याआधी चढ करावा.

नागपुरात फुटाळ्याकडून सेमिनरी हिल्सवर जाणाऱ्या रस्त्यासारखा मध्यम चढ पुरतो. उन्हाळ्यात मात्र सूर्य वर येण्याआधी आटोपायला हवं. आधी 15 मिनिटं हळू धावा. मग चढावर 30 सेकंद जोरात, पण जीव तोडून नाही. पावलं छोटी आणि भरभर, नजर काही मीटर पुढे. कमरेतून वाकलात तर मांडी वर येत नाही. झुकायचं ते घोट्यापासून. जिथे पोहोचाल तिथला खांब किंवा झाड लक्षात ठेवा आणि चालतच खाली या, कारण उतारावर पळताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना फार मार बसतो. श्वास बोलण्याइतका शांत झाला की पुन्हा.

पहिल्या आठवड्यात अशा 6 फेऱ्या, एकाच दिवशी. पुढे दर आठवड्याला एक वाढवत 10 पर्यंत. हमखास चूक पहिल्या फेरीत होते: ताजे पाय जास्त पळतात आणि चौथ्या फेरीला खुणेचं झाड 15 मीटर लांब राहतं. तसं झालं की तिथेच थांबा. नंतरच्या फेऱ्या नुसत्या थकव्याच्या असतात. घड्याळातल्या ठोक्यांकडे पाहू नका, 30 सेकंदांत हृदयाची गती मेहनतीला गाठत नाही. चढाचा भार पोटऱ्यांवर आणि टाचेमागच्या शिरेवर येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली पावलं टाकताना ती शीर दुखली, तर पुढचा आठवडा चढ बंद.

तीन-चार आठवड्यांनी हाच जोर सपाटीवर आणायचा, त्यासाठी फार्टलेक. स्वीडनच्या गोस्टा होल्मेर यांनी 1930 च्या दशकात ही पद्धत बसवली. शब्दाचा अर्थ ‘वेगाचा खेळ’. सिव्हिल लाइन्सच्या झाडीतल्या रस्त्यावर 20 मिनिटं धावताना मनाला येईल तेव्हा दोन खांब वेगात, कधी पुढच्या वळणापर्यंत, आणि मधल्या वेळात हळू. या हळू भागात चालायची पाळी आली, तर वेगाचा भाग जास्त झाला. पुढच्या वेळी एक खांब कमी करा.